दूधखातं ॲप, आवृत्ती ४.२ : काय बदललं (९ जून २०२६)

३१ तारखेचं दूध आता त्याच महिन्याच्या बिलात

तिसरं बिल २१ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचं असतं. ॲप मात्र २१ पासून सरळ दहा दिवस मोजत होतं. त्यामुळे ३१ तारखेचं दूध पुढच्या महिन्याच्या पहिल्या बिलात जायचं, आणि फेब्रुवारीच्या बिलात १ व २ मार्चचं दूध आलं. उदाहरणार्थ, ३१ मे, संध्याकाळ : ६.४ लिटर, फॅट ३.८, एसएनएफ ८.६, दर ₹३४.२०, रक्कम ₹२१८.८८. ही नोंद १ ते १० जूनच्या बिलात दिसत होती. पैसे बुडाले नाहीत, पण बिल आणि हातातल्या पावत्या जुळत नव्हत्या. ज्यांनी पावत्या घेऊन सेंटरवर विचारणा केली, त्यांचं म्हणणं बरोबर होतं. या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.

अपडेट केल्यावर ‘बिलं’ उघडून ‘जुनी बिलं’ दाबा. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च आणि मेच्या तिसऱ्या बिलावर, तसंच त्यांच्या लगतच्या पहिल्या बिलावर ‘दुरुस्त’ असा हिरवा शिक्का दिसेल. शिक्का नसेल तर पावत्या घेऊन सेंटरवर जा. तिथे ‘बिल पुन्हा काढा’ हे बटण दिलं आहे.

फॅट टाकताना चूक झाली तर

सकाळच्या घाईत ३.८ ऐवजी ३८ टाकलं जातं. आता फॅट २ पेक्षा कमी किंवा १२ पेक्षा जास्त असेल, तर ॲप पावती काढण्याआधी ‘आकडा बरोबर आहे का?’ असं विचारेल.

बिलातले आकडे मोठे केले आहेत. चष्मा न लावताही लिटर आणि रक्कम वाचता यावी, एवढ्यासाठीच.

अजून सुटलेलं नाही

५८ मिमी कागदाच्या छोट्या ब्लूटूथ प्रिंटरवर लांब नावं शेवटी कापली जातात. सभासद क्रमांक पूर्ण येतो, तोवर पावती त्यावरून ओळखा.

अपडेट करण्याआधी

नोंदीशेजारी पिवळं घड्याळ असेल, तर ती अजून फक्त तुमच्या फोनमध्ये आहे. रेंजमध्ये येऊन हिरवी खूण होईपर्यंत थांबा, मग प्ले स्टोअरमध्ये ‘दूधखातं’ शोधून ‘अपडेट’ दाबा. ॲप काढून पुन्हा टाकू नका. पिवळ्या घड्याळाच्या नोंदी त्यात कायमच्या जातात, त्या आम्हालाही परत आणता येत नाहीत.

बदलांची नोंद

४.२ (९ जून २०२६)
दुरुस्ती : तिसऱ्या बिलाच्या तारखा.
नवीन : फॅटची खातरजमा, ‘बिल पुन्हा काढा’.
बदल : बिलात मोठे आकडे.

४.१ (१७ मार्च २०२६)
नवीन : पशुखाद्याची उचल बिलात वेगळ्या ओळीत.
दुरुस्ती : रेंज गेल्यावर एकच नोंद दोनदा दिसणं.

४.० (१२ जानेवारी २०२६)
नवीन : दहा दिवसांची बिलं फोनवर. तिसऱ्या बिलाची चूक याच आवृत्तीत शिरली होती.