पत्नीच्या कर्करोग उपचारांसाठी रजा आणि कामाच्या लवचिक वेळेबाबत अर्ज

दिनांक: 12 जानेवारी 2026

प्रति,
मा. सरव्यवस्थापक (वित्त व लेखा),
मुख्य कार्यालय, पुणे

प्रत: मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग

विषय: 23 जानेवारी ते 31 ऑगस्ट 2026 या काळात टप्प्याटप्प्याने 25 दिवस अर्जित रजा आणि ठरावीक दिवशी घरून काम करण्याची परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

माझी पत्नी सौ. स्मिता हिला डिसेंबरमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. गाठीचा आकार आणि काखेतल्या ग्रंथींची स्थिती पाहून डॉक्टरांनी आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया आणि शेवटी रेडिएशन असा क्रम ठरवला आहे. या काळात मला तिच्यासोबत राहायचे आहे. माझ्याकडचे पगार आणि कर यांचे काम तारखांना बांधलेले आहे, याचीही मला पूर्ण जाणीव आहे. उपचारांच्या बहुतेक तारखा आधी कळतात. त्यामुळे दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवून ही मांडणी केली आहे.

केमोचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात दर 21 दिवसांनी एक, अशा चार सायकल शुक्रवारी होतील: 23 जानेवारी, 13 फेब्रुवारी, 6 मार्च आणि 27 मार्च. दुसऱ्या भागात 17 एप्रिलपासून 3 जुलैपर्यंत दर आठवड्याला एक, असे बारा डोस आहेत. तेही शुक्रवारीच आहेत. फक्त 1 मे रोजी महाराष्ट्र दिनामुळे डे-केअर बंद असल्याने तो डोस गुरुवारी, 30 एप्रिलला आहे. शुक्रवार आम्ही मुद्दाम मागून घेतला. नंतरचे दोन दिवस मळमळ आणि थकवा सर्वाधिक असतो आणि ते शनिवार-रविवारच्या सुट्टीत जातात.

पहिल्या चारही शुक्रवारी मला पूर्ण दिवसाची रजा लागेल. त्याचे कारण असे. सकाळी 8 वाजता डे-केअरमध्ये नोंदणी होते, वजन घेतले जाते, डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट पाहून औषधाला मंजुरी देतात आणि त्यानंतरच फार्मसी औषध तयार करायला घेते. प्रत्येक सायकलसाठी मेडिक्लेमची पूर्वमंजुरीही वेगळी घ्यावी लागते. बेड मिळून सलाइन सुरू व्हायला साडेदहा वाजतात. उलटी होऊ नये म्हणून आधी अर्धा-पाऊण तास इंजेक्शने देतात. मग लाल रंगाचे औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, नर्स सिरिंजने हळूहळू देते आणि त्यानंतर सायक्लोफॉस्फमाइडची बाटली लावतात. हे लाल औषध शिरेबाहेर झिरपले तर आतील ऊती भाजतात. म्हणून पिक लाइन, म्हणजे दंडाच्या शिरेतून आत सरकवलेली नळी, घातली असली तरी जवळ बसलेल्या माणसाने जळजळ, सूज किंवा ओलावा दिसताच नर्सला हाक मारायची असते. घरी यायला दुपारचे तीन-साडेतीन होतात आणि रुग्णाने एकटे परतायचे नाही, अशी डे-केअरची अट आहे. दुसऱ्या दिवशी, 24 तास उलटल्यावर, पांढऱ्या पेशी वाढवण्याचे इंजेक्शन असते. तो शनिवार असल्याने त्यासाठी रजा नको.

सायकलनंतरचे सोमवार आणि मंगळवार मी घरून काम करावे, अशी विनंती आहे. पहिल्या सायकलनंतरचा सोमवार 26 जानेवारीच्या सुट्टीचा आहे, त्यामुळे तेव्हा फक्त मंगळवारचा प्रश्न आहे. या दोन दिवसांत मी सकाळी 8 ते दुपारी 12 आणि 2 ते 6 या वेळेत लॉगिन असेन. मधले दोन तास जेवण, औषधे आणि पाणी पोटात राहते की नाही हे पाहण्यासाठी हवे आहेत. आमच्या मुलीची शाळा आणि घरातील इतर कामे यांसाठी माझ्या सासूबाई प्रत्येक सायकलचा पहिला आठवडा साताऱ्याहून येऊन राहणार आहेत. म्हणून त्यासाठी मी रजा मागत नाही.

खरा धोका त्याच्या पुढच्या आठवड्यात असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. सायकलच्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली येतात. तेव्हा ती बरी दिसेल, हिंडेल-फिरेल आणि मीही कार्यालयात नेहमीप्रमाणे येईन. पण ताप 100.4 अंश फॅरेनहाइटला पोहोचला की तो घरगुती गोळीने उतरवत बसायचा नसतो. थेट रुग्णालयात नेऊन लवकरात लवकर शिरेतून प्रतिजैविके सुरू करावी लागतात, कारण संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. अशा वेळी मी हातातले काम सहकाऱ्याकडे देऊन त्याच क्षणी निघेन आणि गाडीतून आपल्याला फोन करेन. परवानगी आधी घेणे तेव्हा शक्य होणार नाही, म्हणून ती आताच मागतो. भरती झाल्यास साधारण तीन ते पाच दिवस लागतात. त्यासाठी 6 दिवस राखीव धरले आहेत.

या धोक्याच्या आठवड्यांत आपल्या कोणत्या तारखा येतात तेही पाहिले आहे. 30 जानेवारी ते 6 फेब्रुवारीत जानेवारीचा पगार येतो आणि लगेच 7 फेब्रुवारीला टीडीएसचा भरणा आहे. 20 ते 27 फेब्रुवारीत पहिल्याच दिवशी जीएसटीआर-3बी आहे. 13 ते 20 मार्च हा सर्वांत अवघड भाग आहे: 15 मार्चला रविवार असून पीएफ, ईएसआय आणि आगाऊ कराचा शेवटचा हप्ता आहे, आणि 20 ला पुन्हा जीएसटीआर-3बी. म्हणून मार्चमध्ये पीएफचे चलन 10 तारखेपर्यंत, आगाऊ कराचा हिशेब 11 पर्यंत आणि जीएसटीची जुळवणी 12 पर्यंत पूर्ण करून आपल्यासमोर ठेवेन. एरवीही प्रत्येक वैधानिक भरणा शेवटच्या तारखेच्या तीन कामकाजी दिवस आधी तयार असेल. चौथी सायकल 27 मार्चला, म्हणजे वर्षअखेरीच्या तोंडावर आहे. मार्चच्या पगाराची प्रक्रिया मी 25 तारखेला संपवेन. मार्चच्या टीडीएसची शेवटची तारीख 30 एप्रिल आहे आणि त्याच दिवशी केमोचा डोस आहे. तो भरणा 27 एप्रिललाच करू.

तारखा घसरण्याची शक्यता धरून चालावे लागेल. प्रत्येक सायकलच्या आदल्या दिवशी सकाळी घरूनच रक्ताचा नमुना जातो (26 मार्चला रामनवमी असल्याने तेव्हा 25 लाच). काउंट कमी आले, विशेषतः न्यूट्रोफिल 1500 च्या खाली किंवा प्लेटलेट एक लाखाच्या खाली असले, तर डॉक्टर बहुधा डोस आठवडाभर पुढे ढकलतात. मग नंतरच्या सगळ्या तारखा एकेका शुक्रवारने सरकतील. रिपोर्ट आला की त्याच संध्याकाळी 6 पर्यंत मी आपल्याला आणि मनुष्यबळ विभागाला ईमेल करेन. डोस रद्द झाला तर दुसऱ्या दिवशी मी कामावर असेन आणि ती रजा खर्ची टाकू नये.

साप्ताहिक डोसमध्ये पॅक्लिटॅक्सेल दिले जाते. त्याची ॲलर्जी आली तर बहुधा पहिल्या दोन डोसना येते, म्हणून 17 आणि 24 एप्रिलला पूर्ण दिवस रजा हवी. पुढच्या दहा डोसना अर्धा दिवस रजा आणि उरलेला अर्धा दिवस घरून काम पुरेल. रुग्णालयाच्या वायफायवरून मी पगाराची कोणतीही फाइल उघडणार नाही. तेथे बसून केवळ फोन आणि ईमेल पाहीन. बाकीचे काम घरी, कंपनीच्या लॅपटॉपवर व्हीपीएनमधूनच होईल.

शस्त्रक्रिया शेवटच्या डोसनंतर तीन-चार आठवड्यांनी, म्हणजे जुलैअखेर अपेक्षित आहे. त्यासाठी 8 दिवस धरले आहेत. घरी सोडताना जखमेतला ड्रेन तसाच असतो. त्यात साठणारा द्रव रोज मोजून लिहावा लागतो आणि तो सलग दोन दिवस 30 मिलीच्या खाली आला की ड्रेन काढतात. नक्की तारीख कळताच वेगळा अर्ज देईन. रेडिएशनच्या पंधरा फेऱ्या त्यानंतर सोमवार ते शुक्रवार असतील. प्रत्येक वेळी उपचार थोडाच वेळ चालतो, त्यामुळे सकाळचा स्लॉट मिळाल्यास रजा न घेता कार्यालयाची वेळ 11 ते 7.30 केली तरी भागेल. तो प्रश्न ऑगस्टमध्ये मांडेन.

हिशेब असा: पहिल्या भागासाठी 4 दिवस, साप्ताहिक डोससाठी 7, तापासाठी राखीव 6 आणि शस्त्रक्रियेसाठी 8, एकूण 25 दिवस. माझ्या खात्यावर आज 38 दिवस अर्जित रजा शिल्लक आहे. आजारपणाची रजा आपल्या नियमांनुसार स्वतःच्या आजारासाठीच आहे, त्यामुळे ती मागितलेली नाही. राखीव दिवस अपुरे पडले आणि पुढे विनावेतन रजा घ्यावी लागली, तर त्या काळात आमची नावे गटविम्यातून वगळली जाऊ नयेत, ही कळकळीची विनंती. केमोच्या मधोमध विमा तुटला तर नव्या पॉलिसीत हा आजार आधीपासूनचा ठरेल आणि पुढचा खर्च आम्हाला झेपणार नाही.

माझ्या अनुपस्थितीत काम अडण्याची खरी जागा एकच आहे: बँकेच्या पोर्टलवर पगाराची फाइल चढवण्याचे मेकरचे हक्क फक्त माझ्याकडे आहेत. वरिष्ठ लेखापाल श्रीमती शिंदे यांना दुसरे मेकर म्हणून नोंदवावे. बँकेला अधिकृत सहीचे पत्र लागते आणि सक्रिय व्हायला काही दिवस जातात, म्हणून हे याच आठवड्यात सुरू व्हावे. माझा पासवर्ड किंवा टोकन त्यांना देणे योग्य नाही आणि मी ते करणार नाही. जानेवारीचा पगार त्यांनी माझ्या शेजारी बसून स्वतः चढवावा, म्हणजे अडचणी तेव्हाच कळतील. त्यांच्यावर जास्तीचा भार येणार आहे. त्यांच्याकडची पुरवठादारांची मासिक जुळवणी या काळात मी घेईन. त्या कामाला तारखेचे बंधन कमी आहे आणि ते घरूनही होते.

ही व्यवस्था प्रथम 13 फेब्रुवारीपर्यंत चालवून पाहावी आणि पुढे दर महिन्याच्या पहिल्या कामकाजी दिवशी आपण पंधरा मिनिटे आढावा घ्यावा. एखादाही भरणा माझ्यामुळे उशिरा झाला, तर घरून कामाची सवलत आपण बदलावी. सोमवार-मंगळवार घरून काम अगदीच शक्य नसेल, तर त्या दोन दिवशी सकाळी 8 ते 1 कार्यालयात आणि उरलेले काम संध्याकाळी घरून, असाही पर्याय चालेल. शुक्रवारची रजा मात्र मला सोडता येणार नाही.

स्मिताच्या आजाराची माहिती आपल्यापुरती, मनुष्यबळ विभागापुरती आणि श्रीमती शिंदे यांच्यापुरती राहावी. इतरांना ‘घरी उपचार सुरू आहेत’ एवढे सांगितले तरी पुरे. तिला सहानुभूतीचे फोन घेण्याची ताकद सध्या नाही.

16 जानेवारीपर्यंत निर्णय कळवल्यास पहिल्या सायकलपूर्वी हस्तांतर नीट करता येईल.

आपला विश्वासू,
सचिन मोरे
उपव्यवस्थापक (पगार व कर)

सोबत:
1. बायोप्सी अहवालाची प्रत (बंद लिफाफ्यात)
2. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे केमोच्या तारखांचे पत्र
3. जानेवारी ते जुलै वैधानिक भरण्यांचा तक्ता, प्रत्येक कामापुढे मुख्य आणि पर्यायी जबाबदार व्यक्ती
4. पगार प्रक्रियेची पायरीवार टिपणी, श्रीमती शिंदे यांच्यासाठी