पाठ टाचण: भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज

इयत्ता: सहावी  विषय: गणित  वेळ: 40 मिनिटे (एक तासिका)
पूर्वज्ञान: सममूल्य अपूर्णांक, समच्छेद अपूर्णांकांची बेरीज, ल.सा.वि.
साहित्य: 12 सेमी लांबीच्या कागदी पट्ट्या (दर जोडीला तीन), पट्टी, रंगीत खडू

उद्दिष्टे
विद्यार्थी
1. छेद वेगळे असताना अंशात अंश आणि छेदात छेद का मिळवता येत नाही, हे पट्टीवर दाखवतो.
2. ल.सा.वि. काढून दोन अपूर्णांक समच्छेद करतो.
3. बेरीज करून उत्तर अतिसंक्षिप्त रूपात लिहितो.

उपक्रम

*उजळणी (5 मिनिटे).* 2/7 + 3/7 तोंडी. 4 आणि 6 चा ल.सा.वि. विचारावा.

*पट्ट्यांचा उपक्रम (15 मिनिटे).* फळ्यावर 1/2 + 1/3 लिहून उत्तराचा अंदाज घ्यावा. 2/5 हे उत्तर हमखास येते. ते न खोडता तसेच ठेवावे. जोड्यांनी एका पट्टीचा 1/2 (6 सेमी) आणि दुसरीचा 1/3 (4 सेमी) भाग कापून एकापुढे एक ठेवावा. लांबी 10 सेमी भरते. तिसऱ्या, अखंड पट्टीशी ताडून पाहिल्यावर 10/12, म्हणजे 5/6. आता 12 सेमीचे 2/5 किती? 4.8 सेमी. नुसता अर्धा तुकडाच 6 सेमीचा आहे, मग त्यात भर घालून लांबी कमी कशी होईल? हा प्रश्न मुलांवर सोपवावा, घाईने उत्तर सांगू नये.

*रीत (12 मिनिटे).* 1/4 + 1/6: ल.सा.वि. 12; 3/12 + 2/12 = 5/12. यानंतर 2/3 + 1/5 एका विद्यार्थ्याने फळ्यावर सोडवावे (13/15).

मूल्यमापन (8 मिनिटे)
वहीत, प्रत्येकाने स्वतंत्रपणे:
अ) 3/8 + 1/4 (उत्तर 5/8)
आ) 1/6 + 3/10 (उत्तर 7/15, 14/30 वर थांबलेल्यांना संक्षिप्त रूपाची आठवण द्यावी)
इ) 'एकाने 1/3 + 1/4 = 2/7 लिहिले. गणित न सोडवता हे चूक कसे ओळखाल?' 2/7 हे 1/3 पेक्षा लहान आहे, एवढे कारण पुरे.

ज्यांचे 'इ' जमले नाही त्यांना पुढच्या तासाला पुन्हा पट्ट्या द्याव्यात.

टंकलेखनाची टीप (छपाईपूर्वी काढावी)
मॅडम, कागदावर 'बेरीज समजेल' हे एकच उद्दिष्ट होते. साच्यात पडताळता येईल असे हवे, म्हणून तुमच्याच उपक्रमांवरून तीन केली. पटतात का पाहा. 'अ' मधला छेद 8 की 6 ते कळत नव्हते, पण शेजारी उत्तर 5/8 आहे, तेव्हा 8 धरला. 'रीत'पुढची मिनिटे शाईत पुसली आहेत; बाकीची वेळ वजा करून 12 आली. समासातला बाण 'उजळणी'कडे जातो असे धरून ल.सा.वि.चा प्रश्न तिथे घेतला. फोटोत खालची ओळ 'स्वाध्याय'नंतर कापली गेली आहे, ती टाचणात नाही. तेवढ्या कोपऱ्याचा फोटो पुन्हा पाठवा.