ज्युनिअर म्हणून आपल्या ऑफिसात काम करण्याची संधी मिळावी, याबद्दल विनंती

जळगाव,
दि. १० नोव्हेंबर २०२५

आदरणीय अ‍ॅड. चौधरी साहेब यांस,
सविनय नमस्कार.

मी वैशाली पाटील. गाव अमळनेर तालुक्यात, तापीकाठी. अर्थशास्त्रात बी.ए. केल्यानंतर तीन वर्षांचा एलएल.बी. अभ्यासक्रम जळगावात राहून पूर्ण केला आणि यंदा पदवी मिळाली. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद ऑगस्टमध्ये हातात आली. ऑल इंडिया बार परीक्षेचा अर्जही भरला आहे. आपल्याकडे ज्युनिअर म्हणून काम करायची माझी इच्छा आहे, आणि त्यासाठी हे पत्र.

आपली माझी ओळख नाही, पण मी आपल्याला काम करताना पाहिलं आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले कोर्टात बसून पाहायचे आणि त्यांची टिपणं काढायची असतात. माझा दिवाणी खटला होता बांधाच्या वादाचा. त्यात आपण प्रतिवादीतर्फे भूकरमापकाचा उलटतपास घेतलात. मोजणीचा नकाशा पूर्ण विरोधात होता, आणि आता याचं काही होत नाही असं मला मागच्या बाकावर बसून वाटत होतं. आपण आवाज न चढवता त्याला लगतच्या खातेदारांची नावं एकेक करून विचारलीत. मग प्रत्येकाला मोजणीची नोटीस कधी बजावली, पोच कुठे आहे, मोजणी कोणत्या खुणेपासून सुरू केली, ती खूण नकाशावर दाखवा. चौथ्या-पाचव्या प्रश्नानंतर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशीची माझी टिपणं अकरा पानं झाली. परीक्षेला तीन पानं पुरली असती. राहिलेली आठ मी अजूनही काढून वाचते.

दिवाणी काम, त्यातही जमिनीचं काम, हेच मला करायचं आहे. हे मी वर्गात ठरवलेलं नाही, घरात ठरलं.

माझे आजोबा २००७ साली वारले. पुढच्या वर्षी माझ्या आत्याने वाटपाचा दावा लावला. त्या दाव्यात माझे वडील प्रतिवादी होते. हक्कसोड पत्रावर सही कर, असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. तिने केली नाही. गावात त्याला भाऊबंदकी म्हणाले, आमच्याकडे तिचं येणं बंद झालं, आणि मी शाळेत असताना राखीपौर्णिमेला वडील ओट्यावर गप्प बसून राहायचे, ते मला नीट आठवतं. २०१४ साली तिच्या बाजूने हुकूमनामा झाला. जमीन सारा भरणारी असल्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रत्यक्ष वाटपासाठी कागद कलेक्टर कार्यालयाकडे गेले, आणि तिथून काहीच हललं नाही. आत्या दर दोन-तीन महिन्यांनी चौकशीला जायची. परत आली की एवढंच बोलायची : "हुकूमनामा शे, वावर कोठे शे?"

कायद्याच्या पहिल्या वर्षाला गेल्यावर मी वडिलांना विचारून तिची फाईल मागून घेतली. नकला काढल्या, पत्रव्यवहार तारखेप्रमाणे लावला, तेव्हा कारण सापडलं. दाव्यातलं मिळकतीचं वर्णन एका जुन्या खरेदीखतावरून जसंच्या तसं उतरवलेलं होतं. त्यात सर्व्हे नंबर होता. गावात एकत्रीकरण केव्हाच झालेलं, सातबाऱ्यावर गट नंबर. हुकूमनाम्यातला नंबर महसूल दप्तरात जुळतच नव्हता, म्हणून कागद शेऱ्यासह परत आले होते आणि तो शेरा कोणी वाचला नव्हता. कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज दिला गेला, सोबत जुन्या आणि नव्या नंबरांचा मेळ दाखवणारा उतारा जोडला. अर्ज मंजूर झाला. मोजणी झाली, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात आत्याच्या हातात ताबा आला. ताब्याच्या दिवशी वडील स्वतः तिच्यासोबत बांधावर उभे होते.

अर्ज वकिलांनीच लिहिला, मी फक्त कागद लावून दिले. पण एका नंबरापायी माणसाची दहा वर्षं जातात, हे मी पाहिलंय. मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, फेरफारांची साखळी, कोणाचं नाव केव्हा आणि कोणत्या फेरफाराने लागलं, हे पाहायला मला कंटाळा येत नाही. विनीता शर्मा निकालानंतर २०२० पासून मुलींच्या हिश्श्याचा कायदा स्पष्ट आहे. अडतं ते पुढे, दरखास्तीत. मला दरखास्त शिकायची आहे. बहुतेक मुलं युक्तिवाद शिकायला येतात असं आपण म्हणाल. मलाही तो शिकायचाच आहे, पण पक्षकाराच्या हातात शेवटी काय पडतं, ते आधी.

वाटपाशिवाय मनाई हुकमाची कामं, मामलेदार न्यायालय अधिनियमाखालच्या शेतरस्त्याच्या केसेस आणि भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याची प्रकरणं यांतही रस आहे. धरणात आणि महामार्गात जमीन गेलेली माणसं आमच्या भागात घरटी आहेत. महामार्गाच्या संपादनात सोलेशियम आणि व्याज मिळण्याबद्दलचा तरसेम सिंग निकाल (२०१९) मी मुळातून वाचला आहे. आपल्याकडे अशी कामं आहेत हे बाररूममध्ये ऐकलं.

फौजदारी कामाला नाही म्हणणार नाही. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले ते आमच्या अभ्यासाच्या मध्यावरच, त्यामुळे जुनी आणि नवी कलमं दोन्ही डोळ्यांखालून गेली आहेत. एक गोष्ट मात्र मोकळेपणाने लिहिते. मुलगी ज्युनिअर आली की तिच्याकडे पोटगीची आणि कौटुंबिक कामं देण्याची पद्धत आहे. ती कामं मी मनापासून करीन, आणि बायका माझ्याशी लवकर बोलतात हेही खरं आहे. पण माझं शिक्षण तेवढ्यातच संपू नये. शेतात पंचनाम्याला, कोर्ट कमिशनरसोबत मोजणीला, तहसीलच्या रेकॉर्ड रूमला मला पाठवावं. मी जाते, गाडी चालवते, उन्हाची सवय आहे.

आज मला काय येतं, ते लिहिते. मराठी टायपिंग युनिकोडमध्ये वेगाने येतं. ई-फायलिंग, नक्कल अर्ज, केस स्टेटस, बोर्ड काढणं हे इंटर्नशिपमध्ये रोज केलं. जुने हस्तलिखित फेरफार वाचता येतात, मोडी मात्र येत नाही. अहिराणी माझी घरची बोली आहे. पक्षकार आपली हकीकत अहिराणीत सांगतो तेव्हा तो जे गाळतो आणि जे दोनदा सांगतो, ते मला कळतं. हकीकत लिहून घ्यायचं काम दिलंत तर ते मी चांगलं करीन.

काय येत नाही, तेही. इंग्रजी ड्राफ्टिंग सावकाश होतं. कैफियत आणि निशाणी ५ चे अर्ज सरावासाठी लिहिले आहेत, पण ते कोणा जाणत्याने लाल शाईने खोडलेले नाहीत. कोर्टासमोर तारीख मागण्यापलीकडे मी अजून उभी राहिलेली नाही.

आता मानधनाबद्दल. हा विषय आपणच काढावा लागू नये म्हणून मीच लिहिते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात ज्युनिअरसाठी शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपयांची शिफारस केली आहे. ती शिफारस मला योग्य वाटते. पण ती मी आपल्यापुढे अट म्हणून ठेवत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या वकिलीत शेतकरी पक्षकार फी कापूस किंवा केळी विकल्यावर देतो, दर महिन्याच्या एक तारखेला नाही, हे मी जाणते. मी जळगावात मावशीकडे राहते, भाडं द्यावं लागत नाही. पेट्रोल, जेवणखाण आणि थोडी पुस्तकं मिळून माझा खर्च महिन्याला पाच हजारांच्या आसपास आहे. पहिले सहा महिने आपण जे ठरवाल ते मला मान्य आहे, ते याहून कमी असलं तरीही. घरी तसं बोलून ठेवलंय. कोर्ट फी, नकला, झेरॉक्स आणि तालुक्याच्या कोर्टात जाण्याचा खर्च मात्र माझ्या खिशातून जाऊ नये, एवढी विनंती. सहा महिन्यांनी माझं काम पाहून आपण पुन्हा विचार करावा.

आणखी एक. गेल्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. तेव्हापासून अनेक जण नुसत्या प्रमाणपत्रासाठी सिनिअर शोधतात, पुस्तकं घेऊन अभ्यासिकेत बसतात आणि ऑफिसला येत नाहीत, अशी तक्रार मी ऐकली आहे. माझ्याबद्दलही आपल्याला ती शंका येईल. मी न्यायाधीशपदाच्या परीक्षेची तयारी करत नाही. मला याच जिल्ह्यात वकिली करायची आहे. पुण्या-मुंबईला जायचाही विचार नाही. निदान तीन वर्षं आपल्याकडे पूर्ण वेळ काम करीन, हा शब्द देते. सकाळी नऊला ऑफिस उघडायला येऊ शकते, संध्याकाळी आठपर्यंत थांबू शकते. अमळनेर, धरणगाव, एरंडोलच्या तारखांना एकटी जाऊन येऊ शकते.

एकदम होकार द्यायचा नसेल तर महिनाभर येऊ द्यावं. त्या महिन्याचं मानधन नको. एखादी जुनी, गुंतलेली फाईल द्यावी, मी तिची तारखांची यादी आणि मिळकतीचा तक्ता करून देते. त्यावरून आपल्याला कळेल.

सोबत सनदेची प्रत, गुणपत्रकं, त्या उलटतपासाची माझी टिपणं आणि वाटपाच्या दाव्याचा सरावासाठी लिहिलेला एक मसुदा जोडला आहे. बाकी काही नाही वाचलं तरी चालेल, मसुदा मात्र पाहावा. त्यातल्या चुका सांगितल्यात तर त्याचाही उपयोग होईल.

माझा मोबाइल नंबर लिफाफ्याच्या मागे लिहिला आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी पाचनंतर आपल्याला सोयीचं असेल तर ऑफिसात भेटायला येते. त्या दिवशी पक्षकारांची गर्दी असेल तर बाहेर थांबेन, घाई नाही.

आपली नम्र,
वैशाली पाटील