मामा, ट्रॅक्टरच्या कर्जाचं पत्र मराठीत

मामा, नमस्कार. तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या पत्राचं मराठी करून पाठवतेय. जिथं माझं मत आहे, तिथं तसं लिहिलंय. दाजींनाही वाचून दाखवा, जामीनदार म्हणून त्यांचं नाव आहे.

"मंजूर रक्कम ३,००,००० रुपये. मुदत ३६ महिने. व्याज ११ टक्के, स्थिर, फ्लॅट पद्धतीने. मासिक हप्ता ११,०८४ रुपये."

स्थिर म्हणजे तीन वर्षं दर बदलणार नाही, ते चांगलंच. पण फ्लॅटमध्ये तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण तीन लाखांवरच लागतं. एकूण व्याज ९९,००० होतं. बँकेसारखं उरलेल्या मुद्दलावर मोजलं, तर हाच दर साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास जातो. एजंट फोनवर अकराच सांगणार.

"प्रक्रिया शुल्क मंजूर रकमेच्या २ टक्के, अधिक जीएसटी. ही रक्कम कर्ज देतानाच वजा होईल व परत मिळणार नाही."

६,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,०८०. हातात २,९२,९२० येतील, हप्ता मात्र तीन लाखांचाच.

"पहिले ६ महिने मुदतपूर्व फेड करता येणार नाही. त्यानंतर शिल्लक मुद्दलाच्या ४ टक्के आकार, अधिक जीएसटी."

तुम्ही म्हणत होता, सोयाबीनचे पैसे आले की कर्ज मिटवून टाकू. वर्षभरानं मिटवायचं म्हटलं तर सुमारे दोन लाख अठरा हजार मुद्दल बाकी असेल, त्यावर पावणेनऊ हजार आणि वर जीएसटी. सही करायच्या आधी हा आकार कमी करायला लावा, नंतर कुणी ऐकत नाही.

"एकही हप्ता चुकल्यास कसूर समजली जाईल. थकीत हप्त्यावर वार्षिक २४ टक्के दंड, धनादेश अथवा ऑटो-डेबिट परत गेल्यास प्रत्येक वेळी ५०० रुपये. सात दिवसांच्या नोटिशीनंतर संपूर्ण कर्ज एकरकमी मागण्याचा व वाहन ताब्यात घेण्याचा कंपनीस अधिकार राहील. जामीनदार कर्जदाराइतकाच जबाबदार राहील."

मला भीती याच कलमाची वाटते. आपला पैसा दिवाळीच्या सुमारास आडतीवरून येतो, हप्ता मात्र उन्हाळ्यातही दर महिन्याला. लातूरच्या शाखेत जाऊन सहामाही हप्ता मागा, ट्रॅक्टरच्या कर्जाला तसा देणारे आहेत. आणि दंड मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हे त्यांना ठणकावून सांगा.

एक मुख्य तथ्य पत्रक असतं, ज्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांना ते द्यावंच लागतं, तेही तुम्हाला समजेल अशा भाषेत. मराठीतलं मागा.

फोटोत उजवा खालचा कोपरा कापला गेलाय, तिथं विम्याच्या रकमेची ओळ अर्धी दिसते. पान सपाट ठेवून उजेडात पुन्हा फोटो काढा आणि मागची बाजूही पाठवा. तोवर सही करू नका.