केअर स्टडी सादर करण्यासाठी पाच दिवसांची मुदतवाढ मिळण्याबाबत विनंती

दिनांक : 12 नोव्हेंबर 2025
मुक्काम : विद्यार्थिनी वसतिगृह, ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

प्रति,
माननीय क्लिनिकल इन्स्ट्रक्टर मॅडम,
मेडिकल-सर्जिकल नर्सिंग, जी.एन.एम. द्वितीय वर्ष

आदरणीय मॅडम,

स.न.वि.वि.

स्त्री मेडिकल वॉर्डातील माझी केअर स्टडी शुक्रवारी, 14 तारखेला द्यायची आहे. ती त्या दिवशी पूर्ण होणार नाही. कृपया 19 नोव्हेंबर, बुधवारपर्यंत मुदत द्यावी.

6 तारखेला रात्री मला थंडी वाजून ताप आला आणि पहाटेपासून उलट्या-जुलाब सुरू झाले. वॉर्डन मॅडमनी सकाळी ओपीडीत नेले. मलेरियाची स्लाइड निगेटिव्ह आली. ओआरएस आणि गोळ्यांवर दोन दिवसांत ताप उतरला, पण डॉक्टरांनी 10 तारखेपर्यंत विश्रांती सांगितली. काल 11 पासून मी ड्यूटीवर आहे. मैत्रिणीच्या हाती निरोप पाठवला होता, तरी मी स्वतः फोन करायला हवा होता. ते चुकलेच.

माझी रुग्ण बेड नंबर 7 वरची 22 वर्षांची बाई, सिकलसेल, एसएस पॅटर्न. 4 तारखेला क्रायसिसमध्ये भरती झाली. आठवडाभर धानाच्या कापणीला जात होती, पहाटे दवाने ओल्या बांधीत आणि दुपारी उन्हात. "पानी पेवाले येळच नाई भेटला जी," असे तिने हिस्ट्री घेताना सांगितले. थंडी, अंगमेहनत, कमी पाणी ही पुस्तकातली कारणे तिच्या एका वाक्यात आली, म्हणून पुस्तकातले चित्र आणि रुग्णाचे चित्र यांची तुलना मला याच केसवर मनापासून करायची आहे. केस बदलून मागत नाही.

तापात मी वॉर्डात आले नाही, त्याचे आजारपणाशिवाय आणखी एक कारण होते. सिकलसेलच्या रुग्णाला जंतुसंसर्ग झाला तर क्रायसिस पुन्हा उसळू शकतो, हे आपणच राउंडला सांगितले होते. जिची काळजी घ्यायची तिलाच माझा आजार द्यायचा, हे मला पटेना.

आता अडचण अशी. 5 आणि 6 तारखेच्या माझ्या नोंदी पूर्ण आहेत : पेन स्केल 8 वरून 5 वर आला, इनटेक-आउटपुट चार्ट, सलाईन, शेक, पाय थोडे उंच ठेवून दिलेली पोझिशन, सगळे लिहिलेले आहे. शारीरिक तपासणी, ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि ट्रॅमाडॉल व फॉलिक ॲसिडची ड्रग स्टडीही झाली. पण 7 ते 10 या चार दिवसांचे नर्सिंग केअर प्लॅन माझ्याकडे नाहीत आणि 10 ला रुग्णाला सुटी झाली. माझ्या जागी ड्यूटी केलेल्या मैत्रिणीने तिची वही देऊ केली. केसपेपरवरून व्हायटल्स उतरवता येतील, पण मी न केलेली काळजी माझ्या नावाने इव्हॅल्युएशनमध्ये लिहायची नाही. ते चार दिवस "विद्यार्थिनी आजारी, गैरहजर" असे लिहून, रुग्णाच्या स्थितीची माहिती केसपेपरवरून घेतल्याचे नमूद केले तर चालेल का, ते कृपया सांगावे. गुण कापले जाणार असतील तर माझी तक्रार नाही.

मुदतीत काय करणार तेही लिहिते. सोमवारी, 17 तारखेला ती बाई फॉलोअपला येणार आहे. हायड्रॉक्सीयुरिया सुरू केल्यामुळे तिचा सीबीसी करायचा आहे. त्या दिवशी ओपीडीत बसून, तिची हरकत नसेल तर, आरोग्य शिक्षण पूर्ण करीन. कापणी अजून संपलेली नाही, ती परत बांधीत जाणारच. "काम करू नका" म्हणून उपयोग नाही, घरी हाजरीशिवाय भागत नाही. पाण्याची बाटली सोबत, उशिरा उन्ह पडल्यावर सुरुवात, अंगावर ऊबदार कपडा, दुखणे सुरू होताच दवाखाना, एवढे तरी तिच्या सासूसमोर समजावून सांगायचे आहे. मंगळवारी हायड्रॉक्सीयुरियाची ड्रग स्टडी आणि डिस्चार्ज प्लॅनिंग उतरवून बुधवारी दुपारपर्यंत फाइल आपल्या टेबलावर ठेवीन. 17 ला सकाळी दोन तास ओपीडीत थांबण्याची परवानगीही यासोबत मागते. तेवढे तास मी वॉर्डात संध्याकाळी भरून काढीन.

तयार झालेली पाने शुक्रवारीच दाखवते, म्हणजे दुरुस्त्या आधी कळतील.

आपली विद्यार्थिनी,
प्रणाली
हजेरी क्रमांक 23

सोबत : ओपीडीचा कागद, फिटनेस सर्टिफिकेट, 5 व 6 तारखेच्या नोंदींची कच्ची वही