व्हिसाच्या यादीबद्दल, काका

नमस्कार काका,

काल रात्रीचा तुमचा निरोप वाचला. "व्हिसाला काय काय कागदपत्रं लागतात त्याची यादी पाठव, चौघांचं आहे, तिकिटं काढायचीत." पण कुठे जायचंय, कशासाठी, किती दिवस आणि चौघांचे पासपोर्ट कोणत्या देशाचे, यातलं काहीच त्यात नाही. हे कळल्याशिवाय खरी यादी निघत नाही. तिकिटं इतक्यात काढू नका, पैसे परत न मिळणारी तर नकोच.

आधी पासपोर्टचं. "आपण सगळे भारतीयच की" असं सगळेच म्हणतात, आणि दोन वर्षांपूर्वी मीही तसंच धरून चालले होते. जुळे सोलापुरातलं एक कुटुंब नेपाळला निघालं होतं. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, विमानाने जायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. मी फोनवरच तसं सांगून मोकळी झाले. निघायला चार दिवस उरले तेव्हा कळलं, नातू अमेरिकेत जन्मलेला, त्याचा पासपोर्ट तिकडचा. ओसीआय कार्डावर भारतात येता येतं, नेपाळात त्याचा उपयोग नाही. त्याचा व्हिसा काठमांडूला उतरल्यावर मिळतो म्हणून निभावलं, दुसरा एखादा देश असता तर पोरगं इथेच राहिलं असतं. विचारलं नाही, ही चूक माझीच. म्हणून चौघांचं वेगवेगळं लिहा, लहान मुलांचं तर नक्कीच.

देश सांगताना नुसतं "युरोप" चालणार नाही. शेंगेन या युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या गटात अनेक देश असले, तरी ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार तिथला अर्ज करायचा असतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा, आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा हवा. फोटोसुद्धा सारखा नसतो. शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, अमेरिकेला दोन इंच बाय दोन इंचाचा. दुबईचा बेत असेल तर आजींचा पासपोर्ट उघडून आडनावाचा रकाना बघा. आपल्याकडच्या जुन्या पासपोर्टांत तो बऱ्याचदा रिकामा असतो, आणि एकच नाव असलेल्या पासपोर्टवर तिथला पर्यटक व्हिसा अडतो.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो कारणाने. समजा तुम्ही जानेवारीत फ्रँकफर्टच्या कापड प्रदर्शनाला टॉवेलचे नमुने घेऊन निघालात. मग कारखान्याच्या लेटरहेडवरचं पत्र, जीएसटी नोंदणी, प्रदर्शनाचा पास, तिथल्या खरेदीदाराचं आमंत्रण. त्याच जर्मनीत लेकीकडे निघालात तर यातलं पुढे करून काही साधत नाही. तेव्हा लेकीचं आमंत्रण, तिचा तिथला रहिवास परवाना, खर्च ती उचलणार असेल तर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून तिने घेतलेलं हमीपत्र, आणि ती तुमचीच मुलगी असल्याचा पुरावा. लग्नानंतर नाव बदललेलं असतं, म्हणून जन्मदाखला आणि विवाह प्रमाणपत्र दोन्ही काढून ठेवा. महापालिकेतून दाखला आणायला वेळ जातो. दोन्ही कामं एकाच फेरीत असतील तर तसंच स्पष्ट लिहा, लपवू नका.

दिवस नेमके हवेत. शेंगेनमध्ये कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, उतरण्याचा आणि निघण्याचा दिवस दोन्ही धरून. लेकीच्या बाळंतपणाला गेलेली आई "अजून पंधरा दिवस" म्हणते आणि तिथेच घोळ होतो. ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर क्षयरोगाची तपासणीही लागते.

तोवर कुठेही गेलात तरी लागणारं एवढं करून ठेवा. चारही पासपोर्टांची मुदत बघा, प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी हवी, आणि दोन कोरी पानं हवीत. कमी असेल तर नूतनीकरण आधी, बाकी सगळं नंतर. बँकेतून सहा महिन्यांचं स्टेटमेंट शिक्क्यासह घ्या, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं काढा. खात्यावर ऐनवेळी मोठी रक्कम भरू नका, ती लगेच डोळ्यांत येते आणि तिचा हिशोब मागतात. शेंगेन निघालं तर बारा वर्षांवरच्या सगळ्यांना बोटांचे ठसे द्यायला पुण्याला किंवा मुंबईला जावं लागेल, तोही दिवस धरा.

उत्तर लांबलचक नको. "चौघेही भारतीय पासपोर्ट, जर्मनी, मी प्रदर्शनाला, बाकी तिघं मुलीकडे, ५ ते २४ जानेवारी" एवढं लिहिलंत तरी पुरे. सोबत चारही पासपोर्टांच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो पाठवा. संध्याकाळपर्यंत आले तर उद्या दुपारी माणसागणिक चार वेगळ्या याद्या पाठवते. गड्ड्याची यात्रा चुकवायची नसेल तर तेही आत्ताच सांगा, तारखा तशा बसवू.

वैशाली
सात रस्ता, सोलापूर