पूर्ण स्पर्धा आणि मक्तेदारी: खर्च व प्राप्ती वक्रांच्या आधारे तुलना

विषय: सूक्ष्म अर्थशास्त्र, गृहपाठ क्र. ३

प्रश्न: पूर्ण स्पर्धा आणि मक्तेदारी या बाजारप्रकारांतील किंमत व उत्पादन निश्चितीची, खर्च आणि प्राप्ती वक्रांचे वर्णन करून तुलना करा.

उत्तर:

दोन्ही बाजारांत उद्योगसंस्थेचे उद्दिष्ट एकच असते, नफा कमाल करणे. नियमही एकच आहे: सीमांत प्राप्ती आणि सीमांत खर्च जिथे समान होतात तिथे उत्पादन थांबवायचे. यंत्रे, मजूर, इंधन तेच असल्याने खर्चाच्या वक्रांचा आकारही सारखाच राहतो. फरक फक्त प्राप्तीच्या वक्रात आहे. म्हणून खाली खर्चाचा तक्ता एकदाच दिला असून त्यावर आधी आडवी आणि नंतर उतरती प्राप्तीरेषा ठेवून पाहिली आहे.

उदाहरण आणि खर्चाचे वक्र

कोल्हापूर परिसरातील एक गुऱ्हाळ घेऊ. आकडे मानलेले आहेत. जागेचे भाडे, चरक आणि काहिलीचा घसारा मिळून दिवसाचा स्थिर खर्च ३,००० रुपये. ऊस, मजुरी, डिझेल हा बदलता खर्च. उत्पादन क्विंटलमध्ये, खर्च रुपयांत.

| उत्पादन | एकूण खर्च | सरासरी बदलता खर्च | सरासरी खर्च | सीमांत खर्च |
|---|---|---|---|---|
| १ | ६,९५० | ३,९५० | ६,९५० | ३,९५० |
| २ | १०,२०० | ३,६०० | ५,१०० | ३,२५० |
| ३ | १३,०५० | ३,३५० | ४,३५० | २,८५० |
| ४ | १५,८०० | ३,२०० | ३,९५० | २,७५० |
| ५ | १८,७५० | ३,१५० | ३,७५० | २,९५० |
| ६ | २२,२०० | ३,२०० | ३,७०० | ३,४५० |
| ७ | २६,४५० | ३,३५० | ३,७७९ | ४,२५० |
| ८ | ३१,८०० | ३,६०० | ३,९७५ | ५,३५० |

आडव्या अक्षावर उत्पादन आणि उभ्या अक्षावर रुपये घेऊन हे आकडे मांडले की तीन वक्र मिळतात. सीमांत खर्च चौथ्या क्विंटलपर्यंत उतरतो, कारण गुळव्या आणि चुलवाणावरची माणसे तीच असतात आणि काहील रिकामी राहण्याचा वेळ कमी होतो. पुढे मजूर वाढतात, काहील मात्र एकच. बदलत्या प्रमाणाच्या नियमानुसार प्रत्येक जादा क्विंटल महाग पडू लागतो आणि वक्र झपाट्याने चढतो.

आकृतीत नेमकी चूक होते ती छेदनबिंदूंची. चढता सीमांत खर्च आधी सरासरी बदलत्या खर्चाला (येथे ५ आणि ६ क्विंटलच्या दरम्यान) आणि नंतर सरासरी खर्चाला (६ आणि ७ च्या दरम्यान) छेदतो, आणि दोन्ही वेळा त्या वक्राच्या तळाशीच छेदतो. कारण साधे आहे. नवा क्विंटल सरासरीपेक्षा स्वस्त पडतो तोवर सरासरी खाली ओढली जाते, महाग पडला की वर जाते. हा छेद तळाच्या डावीकडे किंवा उजवीकडे दाखवला तर आकृती चुकते. सरासरी खर्च आणि सरासरी बदलता खर्च यांतील उभे अंतर हा सरासरी स्थिर खर्च. उत्पादन वाढते तसे ते आक्रसते (१ क्विंटलला ३,०००, ६ ला ५००), म्हणून हे दोन वक्र समांतर काढू नयेत.

पूर्ण स्पर्धा: आडवी प्राप्तीरेषा

शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात तेव्हा भाव ठरतो तो एकूण आवक आणि एकूण खरेदी यांवर. एका गुऱ्हाळाचे सहा क्विंटल आले काय, न आले काय, भाव हलत नाही. (प्रत्यक्षात रंग आणि कणी पाहून प्रतवारीप्रमाणे भाव बदलतो, त्यामुळे एकजिनसी वस्तूची अट इथे काटेकोरपणे पूर्ण होत नाही. एकाच प्रतीपुरता विचार केला तर उदाहरण चालते.) म्हणून गुऱ्हाळ किंमत स्वीकारणारे असते. ४,००० रुपये भावाला हवा तेवढा माल खपतो. भाव ४,०१० सांगितला तर एक क्विंटलही जात नाही आणि ३,९९० ला विकण्याचे कारण नसते. त्यामुळे मागणी वक्र, सरासरी प्राप्ती आणि सीमांत प्राप्ती तिन्ही एकाच आडव्या रेषेत येतात. ती ४,००० वर काढावी.

आता तक्ता पाहू. सहाव्या क्विंटलचा सीमांत खर्च ३,४५० आहे, म्हणजे भावापेक्षा कमी. सातव्याचा ४,२५०, म्हणजे जास्त. समतोल ६ क्विंटलवर येतो. प्राप्ती २४,०००, खर्च २२,२००, नफा १,८००. आकृतीत हा नफा ३०० रुपये उंची (४,००० वजा ३,७००) आणि ६ क्विंटल रुंदीच्या आयताचा असतो. सात क्विंटल काढले असते तर नफा १,५५० वर आला असता.

भाव ३,४५० वर आला तर? सहाव्या क्विंटलवर सीमांत खर्च आणि सीमांत प्राप्ती तंतोतंत समान होतात, पण प्राप्ती २०,७०० आणि खर्च २२,२००, म्हणजे १,५०० तोटा. तरीही गुऱ्हाळ चालू ठेवणेच शहाणपणाचे, कारण बंद ठेवले तर स्थिर खर्चाचे ३,००० पूर्ण अंगावर येतात. भाव ३,१५० च्या, म्हणजे सरासरी बदलत्या खर्चाच्या तळाच्या खाली गेला की गणित उलटते. ३,१०० भावाला ५ क्विंटल काढल्यास तोटा ३,२५० होतो, त्यापेक्षा चुलवाण विझवलेले परवडते. हा उत्पादन बंद करण्याचा बिंदू होय. त्याच्या वरचा चढता सीमांत खर्च हाच गुऱ्हाळाचा अल्पकालीन पुरवठा वक्र.

समतोलाची दुसरी अट बऱ्याच उत्तरांत राहून जाते. ३,४५० ची आडवी रेषा सीमांत खर्चाला दोनदा गाठते: १ आणि २ क्विंटलच्या दरम्यान वक्र उतरताना, आणि ६ वर चढताना. पहिल्या ठिकाणी समतोल नाही. १ क्विंटलवर थांबल्यास तोटा ३,५०० होतो, गुऱ्हाळ बंद ठेवण्यापेक्षाही जास्त. म्हणून सीमांत खर्च सीमांत प्राप्तीला खालून छेदत गेला पाहिजे, हे लिहावेच लागते.

दीर्घकाळात १,८०० चा असाधारण नफा पाहून नवी गुऱ्हाळे पेटतात, आवक वाढते, भाव उतरतो. ३,७०० ला आडवी रेषा सरासरी खर्चाच्या तळाला टेकते आणि केवळ सर्वसाधारण नफा उरतो. चालकाच्या स्वतःच्या श्रमाचा व भांडवलाचा मोबदला खर्चातच धरलेला असल्याने ‘शून्य नफा’ म्हणजे उपाशी राहणे नव्हे.

मक्तेदारी: उतरती प्राप्तीरेषा

समजा, एकच विक्रेता आहे, जवळचा पर्याय नाही आणि इतरांना प्रवेश बंद आहे. खर्च तोच. आता बाजाराचा संपूर्ण मागणी वक्रच त्याच्या वाट्याला येतो. जास्त विकायचे तर किंमत उतरवावी लागते, आणि ती सगळ्याच क्विंटलवर उतरते.

| उत्पादन | किंमत | एकूण प्राप्ती | सीमांत प्राप्ती | सीमांत खर्च | नफा |
|---|---|---|---|---|---|
| १ | ६,५०० | ६,५०० | ६,५०० | ३,९५० | −४५० |
| २ | ६,००० | १२,००० | ५,५०० | ३,२५० | १,८०० |
| ३ | ५,५०० | १६,५०० | ४,५०० | २,८५० | ३,४५० |
| ४ | ५,००० | २०,००० | ३,५०० | २,७५० | ४,२०० |
| ५ | ४,५०० | २२,५०० | २,५०० | २,९५० | ३,७५० |
| ६ | ४,००० | २४,००० | १,५०० | ३,४५० | १,८०० |
| ७ | ३,५०० | २४,५०० | ५०० | ४,२५० | −१,९५० |
| ८ | ३,००० | २४,००० | −५०० | ५,३५० | −७,८०० |

पाचवा क्विंटल ४,५०० ला जातो, पण आधीच्या चार क्विंटलवर प्रत्येकी ५०० सोडावे लागतात. ४,५०० वजा २,०००, उरले २,५००. म्हणून सीमांत प्राप्ती किमतीच्या खाली राहते. मागणी रेषा सरळ असेल तर सीमांत प्राप्तीचा उतार तिच्या दुप्पट असतो: किंमत ५०० ने उतरते, सीमांत प्राप्ती १,००० ने. आकृतीत दोन्ही रेषा उभ्या अक्षावर एकाच बिंदूतून निघतात आणि उभ्या अक्षापासून मागणी रेषेपर्यंतच्या कोणत्याही आडव्या अंतराला सीमांत प्राप्ती बरोबर मध्यावर कापते.

चौथ्या क्विंटलवर सीमांत प्राप्ती ३,५००, खर्च २,७५०. पाचव्यावर २,५०० आणि २,९५०. समतोल ४ क्विंटलवर. आता किंमत कुठली? छेदनबिंदूपासून थेट डावीकडे उभ्या अक्षावर जाऊन किंमत वाचणे ही या प्रश्नातली सर्वांत महागडी चूक. आधी सरळ वर मागणी रेषेपर्यंत जायचे, मग डावीकडे वळायचे. किंमत ५,०००, सरासरी खर्च ३,९५०, नफ्याचा आयत १,०५० गुणिले ४, म्हणजे ४,२००. प्रवेशबंदी असल्याने हा नफा दीर्घकाळातही टिकू शकतो.

मक्तेदार वाटेल तो भाव लावतो, हा समजही तक्ता खोडून काढतो. ६,५०० लावले तर ४५० तोटा. किंमत किंवा उत्पादन यांपैकी एकच त्याच्या हातात असते, दुसरे ग्राहक ठरवतात. सीमांत खर्च शून्यापेक्षा जास्त असल्याने सीमांत प्राप्तीही धन असावी लागते, म्हणून तो मागणीच्या लवचिक भागातच उत्पादन करतो. मक्तेदारीला स्वतंत्र पुरवठा वक्रही नसतो. मागणीचा आकार बदलला की त्याच उत्पादनाला वेगळी किंमत लागू शकते.

तुलना

हीच मागणी आणि हाच खर्च धरून किंमत आणि सीमांत खर्च यांचा स्पर्धेचा नियम लावला तर उत्पादन ६ क्विंटल आणि किंमत ४,००० येते. मक्तेदारीत ४ क्विंटल आणि ५,०००. एका गुऱ्हाळाची संपूर्ण बाजाराशी अशी तुलना हे सोपे केलेले चित्र आहे, पण दिशा बरोबर दाखवते.

ग्राहकाचे संतोषाधिक्य ७,५०० वरून ३,००० वर येते. गेलेल्या ४,५०० पैकी ४,००० मक्तेदाराच्या खिशात जातात. हे केवळ हस्तांतर आहे. खरी हानी पाचव्या आणि सहाव्या क्विंटलची: ग्राहक ४,५०० आणि ४,००० द्यायला तयार, बनवायला २,९५० आणि ३,४५० लागणार, तरी ते बनत नाहीत. १,५५० अधिक ५५०, म्हणजे २,१०० रुपये कुणालाच मिळत नाहीत. आकृतीत मागणी रेषा आणि सीमांत खर्च यांमधला ४ ते ६ क्विंटलचा त्रिकोणी तुकडा तो हाच. शिवाय सरासरी खर्चाचा तळ ६ क्विंटलवर आहे, मक्तेदार ४ वरच थांबतो आणि क्षमता पडून राहते. अब्बा लर्नर यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या निर्देशांकानुसार मक्तेदारी शक्ती ५,००० वजा २,७५० भागिले ५,०००, म्हणजे ०.४५. पूर्ण स्पर्धेत किंमत आणि सीमांत खर्च समान असल्याने हा आकडा शून्य असतो.

मात्र ही हानी दाखवून प्रत्येक मक्तेदारी मोडा म्हणणे घाईचे ठरेल. विजेच्या वितरणात खांब, तारा, उपकेंद्रे यांचा स्थिर खर्च इतका मोठा असतो की सरासरी खर्चाचा वक्र बाजाराच्या संपूर्ण मागणीपर्यंत उतरताच राहतो. राजारामपुरीत दोन कंपन्यांनी खांबांच्या दोन रांगा उभ्या केल्या तर प्रत्येक युनिट महाग पडेल. ही नैसर्गिक मक्तेदारी. येथे सीमांत खर्च सरासरी खर्चाच्या खाली असतो, त्यामुळे सीमांत खर्चाएवढी किंमत लावली तर कंपनी तोट्यात जाते आणि अनुदान द्यावे लागते. म्हणून किंमत सरासरी खर्चाच्या आसपास ठेवण्याचा मार्ग निवडला जातो. महावितरणचे दर कंपनी स्वतः ठरवत नाही, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग मंजूर करतो. त्यामुळे महावितरणचे उदाहरण देऊन त्याच्याखाली वरची ५,००० रुपयांची नफाकमाल आकृती काढणे चूक आहे. तिथे उतरता सरासरी खर्च आणि तो मागणी रेषेला जिथे छेदतो तो बिंदू दाखवावा.